स्कूटरने मोजलेली तार

ताईची लाइन तिसऱ्यांदा तपासली तेव्हाही ती निर्दोष निघाली, आणि मला इतका राग आला की मी मीटर तिच्या पलंगावर आपटला.

"तो पलंग बाबांचा आहे," ताई म्हणाली. बाबा म्हणजे तिचे सासरे. ते दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले आहेत आणि सुदैवाने तेव्हा झोपले होते.

मी टेलिफोन कंपनीत लाइनमन आहे. तेवीस वर्षं तांब्याच्या तारा जोडतोय. कुठे कट आहे, कुठे पाणी शिरलंय, हे मी खांबाखाली उभा राहून सांगतो आणि ते बहुतेक वेळा खरं निघतं. म्हणूनच या लाइनपुढे हात टेकायची माझी तयारी नव्हती. जोडणी पक्की, तार कोरडी, जोडीतल्या दोन्ही तारा समान. मीटरवर लांबी दोन किलोमीटर नऊशे मीटर. तीच पहिल्या दिवशी, तीच दुसऱ्या, तीच तिसऱ्या. मी दर वेळी वहीत "लांबी ठीक" असं लिहून बरोबरची खूण केली.

ताईचं काम लाइनवरच चालतं. एका कॉलेजात ऐकू न येणाऱ्या पाच मुली शिकतात. सर वर्गात बोलतात, त्यांचा आवाज इंटरनेटवरून ताईच्या कानात येतो, ताई ते शब्दन् शब्द टाइप करते आणि त्या मुली समोरच्या पडद्यावर वाचतात. तिची बोटं इतकी सरावलेली आहेत की कानात पडलेलं डोक्यात न शिरताच पडद्यावर उतरतं. हेडफोन मात्र ती एकाच कानावर लावते. दुसरा कान बाबांसाठी मोकळा. घर सोडून कुठे जाता येत नाही अशा बाईला असं काम मिळायला नशीब लागतं, असं ती स्वतःच म्हणायची. कॉलेजने लेखी कळवलं होतं: महिन्याभरात दोनदा वर्ग मध्येच तुटला आहे. आणखी दोनदा तुटला तर काम दुसऱ्याकडे देण्यात येईल.

"मोडेम बदलला, फिल्टर बदलला, खांबापासूनची तार बदलली," मी बोटं मोजत म्हणालो. "आता मलाच बदल."

"सहा वर्षं चाललंच होतं ना रे ठोंब्या? सहा एमबीचा वेग, पण एकदा तरी तुटली का? आता काय झालं?"

ठोंब्या हे माझं घरातलं नाव. आजवर ते मला कधी लागलं नव्हतं.

काय झालं ते मला ठाऊक होतं, पण त्याचा हिच्या लाइनशी संबंध नव्हता. दीड महिन्यापूर्वी गल्लीच्या तोंडाशी नवा डबा बसला. आमच्या भाषेत डबा म्हणजे रस्त्याकडेची ती हिरवी पेटी. तिच्यापर्यंत फायबर येते आणि पुढे घरापर्यंत तांबंच, पण ते फक्त दोन-तीनशे मीटर. तांब्याचं कसं आहे, जितकं लांब जाल तितका आवाज झिजतो, आणि त्यातही वरच्या पट्टीतला आधी झिजतो. आवाज म्हणजे लाइनवरचा सिग्नल. म्हणून एक्स्चेंजवरून येणाऱ्या ताईच्या लाइनला सहाचा वेग आणि डब्यावरच्या शेजाऱ्यांना साठाचा. अठ्ठेचाळीस जागा होत्या, दहा दिवसांत भरल्या. जागा वाढवणारं नवीन कार्ड यायला दोन महिने.

ताईला एक जागा देणं माझ्याच हातात होतं. मी दिली नाही. सख्ख्या बहिणीला आधी दिली असं कुणी बोलू नये म्हणून. आणि हेही खरं की लाइन चालत असताना तिला हात लावायचा नाही, हा माझा नियम. त्या नियमाचा मला फार अभिमान होता.

चौथ्या दिवशी मी तिची जोडी बदलली. त्या गल्लीत एका जाड केबलमध्ये पन्नास जोड्या एकमेकींना चिकटून जातात. त्यातली दुसरी रिकामी जोडी दिली. दुपारी सुधारली. मी विजयी चेहऱ्याने चहा प्यालो. संध्याकाळी आधीपेक्षा वाईट. माझं डोकं चक्रावलं. तार तीच, लांबी तीच, आणि लाइन मात्र दुपारी एक, संध्याकाळी एक. माणूस असं वागला तर आपण समजून घेतो. तारेला मूड असतो का?

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून तिच्या खोलीत ठाण मांडलं. दहाला वर्ग सुरू झाला. लॅपटॉपवर मी मोडेमचं पान उघडून ठेवलं होतं. त्यात मी एकच आकडा बघत होतो: मार्जिन. लाइनवरचा आपला आवाज भोवतीच्या गोंगाटापेक्षा किती वर आहे, ते तो सांगतो. तो संपला की लाइन तुटते. तेव्हा तो दोन होता, म्हणजे जेमतेम जीव धरून.

साडेदहाला वीज गेली. पंखा थांबला. बाबांची हवेची गादी, मोडेम आणि ताईचा कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होते, ते चालू राहिले. मी पडद्याकडे पाहिलं तर मार्जिन नऊ.

मी डोळे चोळले. नऊच.

"वीज गेली की छान चालतं," ताई टाइप करता करताच पुटपुटली. "मागच्या आठवड्यातही असंच झालं होतं. तुला सांगितलं तर तू हसलास."

हसलो होतो खरा. वीज गेल्यावर सुधारणारी लाइन मी तेवीस वर्षांत पाहिली नव्हती. इन्व्हर्टरला हात लावून पाहिला. मोडेमला लावून पाहिला. काय शोधतोय हे मलाच कळत नव्हतं.

पंधरा मिनिटांनी पंखा फिरला. दोन मिनिटं काही झालं नाही. मग मार्जिन उतरू लागलं. सात. पाच. दोन. शून्य. मोडेमचा दिवा लुकलुकला आणि ताईची बोटं हवेतच थांबली.

"तिसऱ्यांदा," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

लाइन सहा मिनिटांनी परत आली, तेव्हा पडद्यावर एका मुलीचं वाक्य येऊन पडलं होतं. ती नेहमी खिडकीजवळ बसते, म्हणून ताई तिला खिडकीवाली म्हणते. तिने लिहिलं होतं, "सर फळ्याकडे बोट दाखवून हसले. सगळे हसले. का हसले?"

तेवढा भाग ताईच्या कानावर आलाच नव्हता. मला त्या पोरीसमोर उभं राहायची लाज वाटली, आणि ती तर मला ओळखतही नव्हती.

दुपारी ऑफिसात बसून मी डोकं खाजवत होतो. विजेबरोबर बंद काय होतं? डबा नाही, त्याला बॅटरी आहे. एक्स्चेंज नाही. बंद होतात शेजाऱ्यांचे मोडेम! आणि मोडेम बंद झाले की डबाही त्या जोड्यांवर गप्प बसतो. म्हणजे ताईच्या लाइनला खात होत्या त्या शेजारच्या जोड्या. म्हणूनच नवी जोडीही संध्याकाळी, सगळे घरी आल्यावर, कोसळली होती. तारा चिकटून असल्या की एकीतलं दुसरीत झिरपतंच. पण एवढं? एक्स्चेंजहून निघालेला ताईचा आवाज गल्लीत पोचेपर्यंत कुजबुजीएवढा उरतो, आणि तिथे डबा ताज्या दमाने अठ्ठेचाळीस जोड्यांवर सुरू होतो. तो जोरात बोलला तर कुजबूज बुडणारच. तसं होऊ नये म्हणूनच तर डब्याला आधी सांगावं लागतं की एक्स्चेंजपासून तुझ्यापर्यंत केबल किती लांब आहे. त्यावरून तो खालच्या, सगळ्यांच्या सामाईक पट्टीत आपला आवाज तेवढा उतरवतो.

सांगितलं होतं की! मीच फॉर्म भरला होता. मी कपाटातून तो काढला. माझंच अक्षर, माझीच सही. "एक्स्चेंज ते डबा: १.१ कि.मी."

आम्ही सगळे स्कूटरच्या मीटरवरच मोजतो. एक्स्चेंजच्या फाटकात आकडा बघायचा, डब्यापाशी बघायचा, वजाबाकी करायची. मीही तेच केलं होतं. फॉर्म हातात धरून मी पुन्हा पुन्हा तो आकडा वाचला आणि एकदम पाचावर धारण बसली. ताईची लाइन दोन किलोमीटर नऊशे. डब्यापासून तिचं घर तीनशे मीटर. मग एक्स्चेंज ते डबा दोन किलोमीटर सहाशे होतात, एक किलोमीटर शंभर कुठून?

उत्तर मला चांगलं ठाऊक होतं. स्कूटर नव्या पुलावरून जाते. केबल पडली तेव्हा तो पूल नव्हता. ती जुन्या गिरणीला वळसा घालून, जुन्या पुलावरून येते. त्या वळणावरचे जोड मी स्वतः केलेत, माझ्या या हातांनी. आणि मीटर तीन वेळा माझ्या तोंडावर सांगत होता, तर मी "लांबी ठीक" म्हणून बरोबरच्या खुणा करत होतो.

डबा बिचारा समजत होता की एक्स्चेंज जवळच आहे, तिथला आवाज दणदणीत येत असणार, मग आपण कशाला हळू बोलायचं?

प्लॅनिंगच्या मॅडमपुढे फॉर्म ठेवला. त्यांनी चष्मा वर केला. "हा आकडा बदलला तर डब्यावरच्या सगळ्यांचा वेग थोडा उतरेल. साठाचे पन्नास-पंचावन्न. फोन येतील."

"येऊ द्या."

"एका जुन्या लाइनसाठी? कोणाची आहे?"

"बहिणीची," मी म्हणालो. दीड महिना हाच शब्द टाळत होतो.

त्यांनी फॉर्मची खालची ओळ दाखवली: चूक होण्याचं कारण आणि जबाबदार व्यक्ती. मी माझं नाव लिहिलं. त्यापुढे "स्कूटर" असं लिहिताना मॅडमना हसू आवरेना.

सोमवारी सकाळी नऊला नवा आकडा डब्यात गेला, सगळे पोर्ट, म्हणजे त्या अठ्ठेचाळीस जागा, एकदा बंद होऊन चालू झाले. दहाला मी ताईच्या दारात होतो. ती टाइप करत होती. लॅपटॉपवर मार्जिन आठ. सव्वादहा, आठ. साडेदहा, आठ. पंखा फिरत होता, शेजारी टीव्ही चालू होता, सगळ्या गल्लीचे मोडेम चालू होते, आणि आठ.

मला राहवेना. मी तिच्या खुर्चीपाशी जाऊन बसलो, मोकळ्या कानाच्या बाजूला.

"ताई, चूक माझी होती," मी म्हणालो. "लाइनची नव्हती. केबल न मोजता स्कूटर मोजली. आणि तुला जागा दिली नाही ती लोकांच्या भीतीने, प्रामाणिकपणाने नाही. तुझं काम माझ्यामुळे जाणार होतं. मला माफ कर."

ताईची बोटं तशीच चालत होती. मला वाटलं, रागावली आहे. मग सरांनी तिकडे पाणी प्यायला उसंत घेतली, बोटं थांबली, ताईने पडद्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

प्रकाशाच्या वक्रीभवनाच्या मधोमध माझी सगळी कबुली उतरली होती. स्कूटरसकट.

खाली खिडकीवालीचं वाक्य आलं: "आज एकही शब्द सुटला नाही. ताई, त्यांना माफ करा."

ताईने डोळे पुसले. मग माझ्याकडे न बघताच तिने टाइप केलं, "केलं. तो ठोंब्या आहे," आणि सर पुन्हा बोलू लागले.