सगळे परत येईपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. एका शिंप्याच्या दुकानातल्या फळीवर, बोथट कात्र्या आणि बटणांच्या बरण्या यांच्या मधोमध माझी जागा आहे. बूड काळं, पोटाला पोचा, झाकण सुतळीनं बांधलेलं. इस्त्री करताना कापडावर शिंपडायचं पाणी आता माझ्यात असतं. असली मी एके काळी लढाईवर होते असं सांगितलं, तर तुम्ही हसाल. खुशाल हसा. मी गोळी झाडली नाही, पण गोळी झाडणारी माणसं तिथे कशाच्या बळावर टिकतात, ते मी त्यांच्या घोळक्यात बसून पाहिलं आहे.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यातला. ज्या कारागिरानं माझी चोच जोडली, तो मला उलटीसुलटी करून म्हणाला होता, "ही नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरेल." बिचाऱ्याला वाटलं, मी एखाद्या स्वयंपाकघरात जाणार. गेले ती थेट फौजेच्या ट्रकमध्ये, एका छोट्या तुकडीच्या सामानात.

निघण्याच्या दिवशी एक बडे गृहस्थ भाषण द्यायला आले होते. मायभूमी, कर्तव्य, येणाऱ्या पिढ्या. टाळ्या कडाडल्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. माझा हा शिंपी तर असंच एक भाषण ऐकून, मशीनवरचा अर्धा शिवलेला कोट तसाच टाकून भरती झाला होता. पण पहिल्या आठवड्यातच पाऊस झाला, बुटांत चिखल भरला, आणि त्या भाषणातला एक शब्दही नंतर कुणाच्या तोंडी मी ऐकला नाही. ऐकलं ते असं: "माझे मोजे कुणी ढापले?"

माझी तुकडी म्हणजे दहाच्या आतली माणसं. त्यांतली तिघं तुम्हाला माहीत हवीत. थोरला हा त्यांचा नायक. हुद्द्यानं नायक होताच, पण त्याला थोरला म्हणत ते वेगळ्या कारणानं. रोज संध्याकाळी तो प्रत्येकाचे पाय बघायचा. "काढ बूट. लाजतोस काय, मी सोयरीक जमवायला नाही आलो." पैलवान हा मशीनगनवाला. इतका लुकडा की त्याची सावली त्याच्यापेक्षा जाड दिसायची, म्हणून पैलवान. आणि शिंपी हा त्याचा जोडीदार, गनमध्ये गोळ्यांचा पट्टा सरकवणारा. पैलवाननं नुसतं "हं" म्हटलं की पुढचा पट्टा तयार असायचा. नवराबायकोत इतकी समजूत मी पुढे कुठल्या घरात पाहिली नाही.

या लोकांची एक रीत होती. चहा उकळला, तरी सगळे परत आल्याशिवाय ओतायचा नाही. कुणी पहाऱ्यावर असेल, कुणी निरोप घेऊन मागे गेला असेल, तर किटली थांबायची. शेवटी येणाऱ्याला पहिला घोट. कितीदा तो चहा निवला, पुन्हा तापला, कडू जहर झाला. "हा चहा आहे की काढा?" असं रोज कुणीतरी म्हणायचं आणि रोज थांबायचं.

मी हिशेबी जात. कोण किती घोट घेतो, कोण कुणाला आपल्यातला अर्धा देतो, हे माझ्या पोटात पक्कं नोंदलेलं असायचं. माझ्या हिशेबात शत्रूचं खातं फार लहान निघालं. त्याच्यावर ते क्वचितच चिडत. खरा राग मागे गादीवर झोपणाऱ्या कचेरीतल्यांवर. आणि भीती? सगळ्यांनाच होती. पण मरणाच्या भीतीला एकच भीती भारी पडायची: आपण कच खाल्ली आणि आपल्यामुळे शेजारचा गेला तर? एकदा जोराच्या माऱ्यात शिंपी पट्टा पुन्हा पुन्हा सरकवत होता, पण तो बसेना. पैलवान मान न वळवता म्हणाला, "शिंपीबुवा, सुई ओवायची नाहीये. सावकाश." शिंपी हसला आणि पट्टा बसला. मारा चालू असताना ते सतत ओरडत असत. "इकडे आहे मी!" "अजून आहे!" मला आधी हा नुसता गोंगाट वाटे. मग कळलं, खड्ड्यात एकटा पडलेला माणूस समजतो की सगळे मेले, आणि त्याची बंदूक गप्प होते. शेजारचा आवाज आला की तीच बंदूक पुन्हा बोलते.

पुढे सरकायचं तेही तसंच. अर्ध्यांनी झाडायचं, अर्ध्यांनी पळायचं. पळणारा उघड्यावर जातो तो कशावर विसंबून? मागचा झाडत राहील या भरवशावर. हा भरवसा भाषणातून येत नाही, मित्रांनो. तो एकमेकांचं घोरणं ओळखण्यातून येतो.

अशाच एका पळण्यात शिंप्याच्या मांडीत गोळी घुसली. थोरल्यानं त्याला कॉलर धरून ओढत आणलं, पैलवान एकटा गन चालवत राहिला. स्ट्रेचरवर शिंपी रडत होता. दुखत होतं म्हणून असेल असं मला वाटलं. तो म्हणत होता, "पट्टा कोण देणार याला?"

"तू ये परत," पैलवान म्हणाला. "किटली थांबेल."

इस्पितळात डॉक्टरांनी शिंप्याला सांगितलं की पाय वाचला, आता घरी पाठवतो. कुणीही आनंदानं उडी मारली असती. याला झोप येईना. पुढे त्यानं बायकोला सांगितलेलं मी ऐकलं आहे, "घरी गेलो असतो तर कुणीही मला नाव ठेवलं नसतं. पैलवाननंसुद्धा नाही. तेच सहन होईना." शेवटी तो दुसऱ्याची कुबडी घेऊन, कुणाला न सांगता, आघाडीकडे जाणाऱ्या पाण्याच्या टँकरवर चढला. इस्पितळातून माणसं पळतात ती घराकडे. हा उलटा पळाला.

इकडे तोवर नवे साहेब आले होते. माणूस वाईट नव्हता. रात्रंदिवस राबायचा. त्यांनी पाहिलं की बाकीच्या ठाण्यांवर सगळी नवी, कच्ची पोरं आहेत आणि आमच्याकडे मात्र मुरलेली मंडळी. त्यांनी ठरवलं, एकेक जण एकेका ठाण्यावर वाटून टाकावा, म्हणजे सगळीकडे धीर येईल.

थोरला म्हणाला, "साहेब, आम्हाला एकत्र ठेवा. कुठल्याही वाईट जागी ठेवा, पण एकत्र."

"अरे, शूर माणूस कुठेही शूरच असतो."

"तसं नसतं, साहेब. एकेकटे आम्ही चारचौघांसारखेच भित्रे आहोत."

साहेबांना हा विनय वाटला. त्यांनी पाठ थोपटली.

थोरला ओढ्यापलीकडच्या ठाण्यावर गेला. बाकीचे पांगले. पैलवान जुन्या जागीच राहिला, नव्या लोकांत. जाताना थोरल्यानं मला त्याच्याकडे दिलं. "शिंपी आला तर त्याला ही दिसायला हवी."

नवी माणसं वाईट नव्हती. एकेकट्यानं आली होती, एकेकट्यानं बसत होती. पट्टा द्यायला जो मिळाला, तो पूर्वी टपाल वाटायचा. पैलवाननं त्याचं नाव विचारलं नाही. माणूस जवळ केला की तो जातो, हे त्याला पुरतं कळून चुकलं होतं. चहा झाला की प्रत्येक जण आपला कप भरून घेई. मी ज्याच्यासाठी थांबावं, असं कुणी उरलंच नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या पहाटे हल्ला आला. पैलवानची गन दणाणली. पट्टा संपत आला तसा तो "हं" म्हणाला. टपालवाल्याला त्या "हं"चा अर्थ कसा कळावा? पैलवान ओरडला, "अरे... ए! ए, तू!" खंदकातल्या चौघांनी माना वर केल्या आणि प्रत्येकाला वाटलं, आपल्याला नसेल. कुणी कुणाला "मी आहे" म्हणून ओरडलं नाही. एकेक बंदूक विझत गेली.

तेवढ्यात ओढ्यापलीकडून मोठा मारा ऐकू आला. थोरल्याचं ठाणं. पैलवाननं त्या दिशेला पाहिलं. इतके दिवस ज्यानं जागा सोडली नव्हती, त्यानं गनवरचा हात काढला, मला टपालवाल्याच्या हातात कोंबलं, "एक लंगडा येईल, त्याला दे," म्हणाला आणि ओढ्याच्या उघड्या पात्रात उडी घेतली. आमचे नवे लोक समजले, जुना पळाला, आता काय उरलं? तेही पळाले. मागच्या बाजूला.

पलीकडून थोरल्यानं पैलवानला अंधुक उजेडात पाहिलं, हे त्यानंच पुढे दुकानात सांगितलं. ती चाल त्यानं हजारांत ओळखली असती. "झाडा! त्याच्या दोन्ही बाजूंना झाडा! आपला आहे!"

त्याच्या ठाण्यावरचे नवे लोक म्हणाले, "कोण?"

मित्रांनो, जुन्या तुकडीत हा प्रश्न कुणी विचारला नसता. बोटं आधी चालली असती. ते लोक भित्रे नव्हते. त्यांनी फक्त "कोण?" विचारलं, आणि तेवढ्या वेळात पैलवान पात्रात पडला.

सकाळी मागच्या रस्त्यावर पळून आलेल्यांची गर्दी होती. समोरून कुबडी टेकत शिंपी येत होता. त्यानं मला टपालवाल्याच्या हातात पाहिलं आणि त्याची मनगटं धरली.

"ही तुला कुणी दिली?"

"एका लुकड्या माणसानं."

"कुठे आहे तो?"

"ओढ्यात."

शिंप्यानं मला आपल्या हातात घेतलं. मग त्यानं विचारलं, "तुला काय म्हणून हाक मारायचा तो?"

टपालवाल्याचा चेहरा पडला. "ए म्हणायचा. मलाही त्याचं नाव माहीत नव्हतं. विचारणार होतो."

पुढे लढाई संपली. कोण जिंकलं ते मोठ्या लोकांना माहीत. शिंपी पुन्हा मशीनवर बसला. एकदा तेच साहेब, आता पिकल्या केसांचे, कोट सैल करून घ्यायला दुकानात आले. ओळख पटल्यावर गहिवरून म्हणाले, "काय शूर माणसं होती तुम्ही!"

शिंप्यानं कोट उलटा केला. "साहेब, हे बघा. कापड चांगलंच आहे. पण कोट कापडानं उभा राहत नाही, शिवणीनं राहतो. तुम्ही कापड वाटलंत आणि शिवण उसवलीत." साहेब खाली मान घालून उभे राहिले. शिंप्यानंच मग त्यांना स्टूल दिलं.

एकदा शिंप्याची नात शाळेसाठी काही लिहून न्यायला आली. "आजोबा, तुम्ही देशासाठी लढलात ना?"

"निघालो तो देशासाठीच, बाळ. तिथे पोचल्यावर देश फार लांब राहिला. पैलवान हातभर अंतरावर होता."

अधूनमधून थोरला येतो. आल्या आल्या अजूनही म्हणतो, "पाय दाखव." त्या दिवशी माझ्यातलं शिंपडायचं पाणी ओतून चहा ठेवतात. माझी चोच गळते, तरी माझ्यातच. चहा उकळतो. दोघंही कप पुढे करत नाहीत. रस्त्याकडे बघत बसतात. चहा निवतो, कडू होतो, मग कधीतरी थोरला म्हणतो, "ओत आता." आणि शिंपी म्हणतो, "थांब जरा."

मला घासूनपुसून लख्ख करा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं काय, पत्र्याची जात. पण तुमच्या शेजारी जो बसतो, त्याचं नाव आजच विचारून घ्या. हाक मारायची वेळ येते ना, तेव्हा विचारायला सवड नसते.