चौथं कडवं

केदारने, माझ्या नवऱ्याने, मला आयुष्यात पुष्कळ छळलं, पण त्या इंग्रजी कवितेइतकं कशानेच नाही. कल्याणच्या कॉलेजात तो इंग्रजी शिकवायचा, आणि रिटायर झाल्यावर ही एक जुनी कविता मराठीत आणायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं. कवितेत घडतं ते एवढंच: एक माणूस थंडीत जुन्या घरासमोर येतो, खिडकीत दिवा दिसतो, आणि दार न ठोठावता तो परत जातो.

"मुक्तछंदात कर आणि मोकळा हो," मी म्हणायचे.

"अगं, मूळ कविता चालीत आहे. ओळीत चार ठोके. चाल गेली तर उरलं काय, बातमी?"

म्हणून त्याने पादाकुलक वृत्त घेतलं. ओळीत सोळा मात्रा, आठ-आठच्या दोन तुकड्यांत. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. लिहायचा काही नाही. भाजी चिरायला बसायचा आणि पाटावर सुरीने ठोके देत मोठ्याने म्हणायचा:

खिडकीमध्ये दिवा तेवतो
वाट ओळखुन पाय थांबती

"बर्फ कुठे गेला रे?" मी विचारायचे. मूळ कवितेत कुंपणावर बर्फ साचलेला होता.

"गेला. इंग्रजीचे शब्द एकेका अक्षराचे, ओळीत सात-आठ मावतात. आपल्या शब्दांना विभक्तीची शेपटं. चार-पाच शब्दांत ओळ भरते. काहीतरी सोडावंच लागतं, बाईसाहेब!"

"मग बर्फच बरा सापडला!"

असं भांडत भांडत तीन कडवी झाली. चौथं अडलं. "उद्या बघू," म्हणायचा. मागच्या पावसाळ्यात तो गेला, आणि ते उद्या माझ्या गळ्यात पडलं.

झालं असं, की त्याची विद्यार्थिनी ऋजुता कल्याणला दर महिन्याला काव्यवाचन भरवते. तिचा फोन आला. "काकू, यावेळी सरांची कविता तुम्ही वाचा ना. पूर्ण." मी हो म्हणून बसले. तीन कडवी मला तोंडपाठ होती, त्याच्याच आवाजात. मला वाटलं, त्याच चालीत चौथं रचलं की निदान चार ओळींपुरता तो पुन्हा स्वयंपाकघरात बोलेल. दुसरं काही नको होतं मला. त्याचा आवाज हवा होता, बस्स.

मग काय, मुक्तछंदवाली मी, बोटांवर मात्रा मोजत बसले. गॅसवर दूध उतू गेलं तरी मोजतेय! शेवटी बसलं एकदाचं. अखेरच्या दोन ओळी अशा:

दार न वाजविता तो वळतो
दिवा मनातच हळुहळु जळतो

सोळा आणि सोळा. यमकही चोख. मी एकटीच टाळी वाजवली, आणि मग इंग्रजी पुन्हा वाचलं. तिथे मनातला दिवा नव्हताच. 'वळतो'ला जोड हवी म्हणून मीच तो आणून ठेवला होता. आणि 'हळुहळु'? चार मात्रा कमी पडत होत्या, म्हणून. मूळ कवी शेवटी सगळा साज उतरवून ठेवतो. माणूस ठोठावत नाही, जातो. मी त्याच्या हातात गोड दिवा देऊन त्याला घरी पोचवलं होतं. शी! केदारचं नेमकं इथेच अडलं असणार. त्याला खोटं यमक चालायचं नाही.

आणि ओळ पुन्हा म्हटली तर आवाज माझाच येत होता. कितीही ठोके दिले तरी माझाच. फार रडले त्या दुपारी.

कल्याणला हॉल लहानसा, पंखे करकरणारे. पहिलं कडवं सुरू केलं तशी मंडळींची बोटं मांडीवर पडायला लागली. दुसऱ्या कडव्याला ऋजुता डोळे मिटून डोलत होती. तिसरं संपलं. माझं चोख चौथं ओठांवर तयार होतं. एवढं म्हटलं असतं तर वाहवा झाली असती, आणि कुणाला काही कळलंही नसतं. मी थांबले, आणि म्हटलं:

त्याने दार वाजवलं नाही.
उभा राहिला.
मग गेला.

बोटं हवेतच राहिली. पुढचा ठोका शोधत. चाल गेली होती, यमक गेलं होतं, जे जे केदारने जिवापाड धरून ठेवलं होतं ते सगळं गेलं होतं. टाळ्या उशिरा आल्या, त्याही विरळ.

ऋजुता पाणी घेऊन जवळ आली. हळूच म्हणाली, "काकू, शेवटी वृत्त तुटलं का हो? सरांनी असं केलं नसतं."

"नसतं केलं," मी म्हटलं. "पण ते गेले ना गं, ऋजुता. तीन कडव्यांवरच गेले."

तो गेल्यापासून हे वाक्य मी कुणापुढेच उच्चारलं नव्हतं. तिने ग्लास खाली ठेवला आणि माझा हात धरला.