अर्ध्या दिवसाचा भत्ता

बार्शीकडच्या वाशीतल्या त्या पाणलोट संस्थेत एक अलिखित नियम होता. पुण्याच्या हिशोब विभागाला जाणारा प्रत्येक मेल आधी दीपमालाताईंच्या डोळ्यांखालून जायचा. पुण्याची मंडळी मोठी काटेकोर. रुपयाची चूक दिसली की मेल परत, आणि भाषा जरा रांगडी वाटली की तो आठवडाभर तसाच पडून. नागसेननं मागं एकदा ‘पैसे लवकर टाका’ असं लिहिलं होतं, तर दोन महिने कुणी टाकले नव्हते.

वडिलांचं सगळं आटोपून नागसेन पहिल्यांदाच कामावर आला होता. वडील, आबाराव, ज्या दिवशी सोलापूरच्या दवाखान्यात वारले, त्याच दिवशी नागसेनचं प्रशिक्षण सोलापुरातच होतं. प्रवासखर्चाचा मेल महिनाअखेरच्या आत पाठवायचा होता. त्यानं तो लिहिला आणि ताईंच्या शेजारच्या खुर्चीत बसून राहिला. गेले काही दिवस त्याला असं कुठंही बसवलं तरी तो बसून राहत होता.

ताईंनी चष्मा सावरला. “दादा, तुम्ही परवानगीचाच मेल उचलून चिटकवलाय. ‘सोलापूरला जाणार आहे’ काय? जाऊन आलात की. ‘गेलो होतो’ करते.” पुढचं वाक्य होतं, ‘संध्याकाळी बसने परत येणार आहे.’ आबारावांना रुग्णवाहिकेतून आणलं होतं आणि नागसेन त्यांच्याजवळ बसून आला होता, हे ताईंना ठाऊक होतं. त्यांनी ते वाक्य खोडलं.

मग ‘पैसे टाकून द्या’ जाऊन तिथं ‘रक्कम माझ्या खात्यात जमा करावी, ही नम्र विनंती’ आलं. नागसेन मान डोलवत होता. त्याला ना बरं वाटत होतं ना वाईट.

“आता आकडे,” ताई म्हणाल्या. “वाशी ते बार्शी शहात्तर, बार्शी ते सोलापूर एकशे सव्वीस. तिकिटं जोडलीत. दोनशे दोन, बरोबर. पण भत्ता दीडशेच कसा लावला?”

“अर्ध्या दिवसाचा हाय.”

“अर्धा कसा? जेवणाच्या सुट्टीआधी निघालं तर अर्धा. तुमच्या हजेरीच्या दाखल्यावर सही पाच वाजताची आहे. पूर्ण तीनशे होतात. एकूण पाचशे दोन.”

“राहू द्या ताई. दीडशेच असू द्या.”

“तसं चालत न्हाई. दाखला एक बोलतो, मेल दुसरंच. परत पाठवतील.”

“मग दाखलाच काढा.”

“दाखल्याबिगर दौराच धरत न्हाईत. तो दिवस रजेत जाईल.”

“जाऊ द्या रजेत.”

ताईंनी चष्मा काढला. “व्हता की तुम्ही कामावर. रजा कशाला?”

नागसेन टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. त्या दिवशी सकाळी बसमधून उतरून तो आधी दवाखान्यात गेला, तेव्हा आबारावच म्हणाले होते, मला काय झालंय, तू जा. भाऊ अमरनाथ आईला आणायला गावी गेला होता. वडिलांजवळ कुणी नव्हतं. नागसेननं फोन मुका करून पिशवीत टाकला होता, जेवणात जिलेबी होती ती मागून घेतली होती, आणि दुपारी गटचर्चेत सगळ्यांत जास्त तोच बोलला होता. दवाखान्याचे फोन त्यानं पाचला बघितले. आबाराव तोवर गेले होते.

आई, पुतळाबाई, रात्री दवाखान्यात आली आणि तिनं एवढंच विचारलं, “तू जवळ व्हतास नव्हं?” तो म्हणाला, “व्हय. दुपारीच आलो व्हतो. पाणी मागितलं, म्या पाजलं.” बोलताना त्याला काहीच वाटलं नाही. खरं तर त्यानंतर त्याला कशाचंच काही वाटलं नव्हतं. दीडशे रुपयांचा भत्ता आईला सांगितलेल्या त्या दुपारशी जुळत होता, एवढाच त्याचा हिशोब.

“तीनशे करा,” तो म्हणाला.

ताईंनी केले. खाली ‘आपला विश्वासू’ लिहिलं, पुन्हा एकदा वाचून त्याच्याकडे बघितलं. त्यानं स्वतः बटण दाबलं.

संध्याकाळी घरी पोचला तर अंगणात सतरंजीवर परंड्याकडचे बंडप्पामामा भेटायला आलेले. पुतळाबाई त्यांना सांगत होती. रोज नव्या माणसाला तेच सांगताना तिच्या चेहऱ्यावर जरा उजेड यायचा, बाकी दिवसभर नाही. “एकटं न्हाई गेले बघा. ल्योक उशाला व्हता. त्याच्या हातचं पाणी पिऊन गेले.”

खिशात फोन थरथरला. पुण्याचं उत्तर होतं. इतक्या झटपट ते कधी आलं नव्हतं. ‘आपला मेल अचूक आहे. आपण पूर्ण दिवस उपस्थित असल्याची नोंद घेऊन रु. ५०२ मंजूर करण्यात येत आहेत. धन्यवाद.’

बंडप्पामामांनी त्याच्याकडे मायेनं बघितलं. “नशीबवान हायेस,” ते म्हणाले. नागसेननं फोन खिशात ठेवला आणि मान हलवली.

“उभा का राहिलास?” पुतळाबाई म्हणाली. “मामा लांबून आल्यात. पाणी दे त्यांना.”

तो आत गेला. माठातून तांब्या भरला आणि मामांच्या हातात दिला.