फोटोतला कवळा दुधी

इमामभाई मुल्लाणींनी चव्वेचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली आणि या चव्वेचाळीस वर्षांत एकदाही मंडईत जाऊन भाजी आणली नाही. यात कुणाचा दोष नव्हता. मंडई हाफिजाबींची होती. त्या रोज सकाळी कपिलतीर्थला जायच्या, भाजी घेऊन यायच्या आणि पेठेतल्या अकरा म्हाताऱ्या माणसांचे डबे करायच्या. कुणाची मुलं पुण्याला, कुणाची दुबईला. अकरा जणांच्या तोंडात मिळून दात किती, हे कुणी मोजलं नव्हतं, पण फार नसावेत. त्यामुळे डब्यात दुधी, पडवळ, तोंडली यांचीच फेरी असायची, आणि तीही कवळी. जून भाजी तशीच्या तशी परत यायची.

मृगानंतर हाफिजाबी न्हाणीत घसरल्या आणि उजव्या पायाला प्लास्टर बसलं. दीड महिना जमिनीला पाय लावायचा नाही. स्वयंपाक त्या खुर्चीत बसून करणार होत्या. मुलगी फरहीन कॉलेजच्या ऑफिसात होती, ती सकाळी आठलाच जाई. राहिले इमामभाई. दुकान तर त्यांनी दोन वर्षांपूर्वीच बंद केलं होतं.

फरहीननं तोडगा काढला. अब्बांनी मंडईतून फोटो पाठवायचा, अम्मीनं घरून सांगायचं.

पहिल्या दिवशी इमामभाईंनी तानाबाईंनी मांडलेल्या भाजीच्या वाट्यांचा फोटो पाठवला. तानाबाई पुईखडीकडच्या, वीस वर्षं हाफिजाबींना भाजी देणाऱ्या. हाफिजाबींनी फोन केला आणि विचारलं, पडवळ कुठाय? इमामभाई म्हणाले, फोटोत नसावं. ते होतं. डाव्या बाजूला, हातभर लांब, पांढरट पट्ट्यांचं, वेटोळं घालून पडलेलं. इमामभाईंनी चाळीस वर्षं पडवळ खाल्लं होतं, पण डाळीत घातलेल्या चकत्यांच्या रूपात. अख्खं पडवळ त्यांना पाण्याची नळी वाटली होती. तोंडल्यांचंही तेच झालं. त्यांनी परवल उचलले. तेही हिरवे, पट्ट्यांचे, आणि इमामभाईंच्या मते जरा चांगल्या अंगाचे. तानाबाईंनी त्यांच्या हातातून ते काढून घेतले आणि तोंडली दिली.

हाफिजाबींनी मग रोज थोडं थोडं शिकवलं. दुधी फिका हिरवा घ्यायचा, अंगावर बारीक लव असलेला, देठ ताजा. लव जाऊन गुळगुळीत झाला, पांढरट पडला, की आत बिया पिकल्या म्हणायचं. पडवळ बारीक घ्यायचं, हातात धरलं की लवलं पाहिजे. ताठ राहिलं तर जून. तोंडली करंगळीएवढी, टणक आणि हिरवीगार. फुगलेली, मऊ पडलेली सोडायची, ती आतून लाल निघतात. नख लावून बघायची सोय नव्हती. तानाबाईंच्या वाट्याला नख लावणारा माणूस दुसऱ्यांदा तिथं उभा राहत नसे.

चौथ्या दिवशी दुधी फोटोत हिरवा दिसला आणि चिरल्यावर जून निघाला. बिया दाताएवढ्या. हाफिजाबींनी फोटो पुन्हा पुन्हा बघितला आणि विचारलं, वर काय बांधलंय? वर हिरवी ताडपत्री होती. तिच्याखाली सगळंच कवळं दिसत होतं, खुद्द तानाबाईसुद्धा. तेव्हापासून इमामभाई निवडलेली भाजी ताडपत्रीबाहेर उन्हात आणून, पांढऱ्या रुमालावर ठेवून फोटो काढू लागले. आकार कळावा म्हणून शेजारी हातातलं घड्याळ ठेवत. एकदा त्यांनी डोळ्याला लावायचं भिंग फोनपुढे धरून दुधीची लव टिपली आणि पाठवली. हाफिजाबींनी विचारलं, हा कुठल्या रोगाचा फोटो? पण दुधी घ्या म्हणाल्या.

महिन्याभरात डबे रिकामे परत येऊ लागले. बयाबाई, अकरा जणांत सगळ्यात थोरल्या, ब्याण्णव वर्षांच्या. त्यांनी तर एक दिवस डबा विसळून पाठवला. इमामभाईंनी हे कुणाला बोलून दाखवलं नाही. मंडईत मात्र ते जरा सावकाश चालू लागले.

प्लास्टर काढायचा दिवस आला. फरहीननं रजा टाकली आणि मायलेकी नऊ वाजता दवाखान्यात जायच्या ठरल्या. त्याआधी इमामभाईंनी मंडईतून दोन फोटो पाठवले. एक तानाबाईंच्या ढिगाचा, एक रुमालावरच्या तीन दुध्यांचा. असे दुधी महिनाभरात दिसले नव्हते. फिकट हिरवे, लव मखमलीसारखी, देठातून अजून रस येत होता. हाफिजाबी म्हणाल्या, डोळे झाकून घ्या. त्या रिक्षात बसताना इमामभाई घरी पोचले. मसाला काढून ठेवलेला होता. चिरून फोडणीला टाकायचं तेवढं त्यांचं काम होतं. जाता जाता हाफिजाबींनी रोजचंच सांगितलं: प्रत्येक दुधीची एक फोड आधी कच्ची जिभेला लावायची.

इमामभाईंनी लावली. ती कडू होती. कारल्यासारखी नव्हे, कारलं निदान कडू असल्याचं कबूल करतं. ही चव जिभेच्या मुळाशी जाऊन बसली. त्यांनी थुंकून चूळ भरली आणि दुसरा दुधी चाखला. तोही तसाच. तिसराही.

त्यांनी फोन लावला. हाफिजाबी दवाखान्याच्या रांगेत होत्या.

"तिन्ही कडू हायत," इमामभाई म्हणाले.

"फोटोत तर झकास होतं की."

"फोटोला चव न्हाय, हाफिजा."

हाफिजाबींनी आधी विचारलं, गिळलं तर नाही ना? नाही म्हटल्यावर त्यांनी सांगितलं की सगळे टाकून द्या, जनावरालाही घालू नका. कडू दुधी पोटात गेला तर रक्ताच्या उलट्या होतात, त्यांच्या माहेरी सांगावला एकजण त्यापायी तीन दिवस दवाखान्यात होता. म्हाताऱ्यांची तर गोष्टच सोडा. डब्याचं काय करायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांचा नंबर पुकारला.

इमामभाईंनी दुधी पिशवीत बांधले. घड्याळात दहा वाजत आले होते. डबे साडेबाराला निघायचे. घरात फक्त भात आणि आमटी झाली होती. पण त्यांच्या डोक्यात दुसरंच होतं. तो ढीग अजून तिथंच असणार आणि लोक घेत असणार. ते पिशवी घेऊन मंडईत परत गेले.

तानाबाईंनी आधी ऐकून घेतलं नाही. त्यांच्या मालाला वीस वर्षांत कुणी नाव ठेवलं नव्हतं. इमामभाईंनी वाद घातला नाही. पिशवीतली फोड पुढे केली. तानाबाईंनी ती जिभेला लावली, बाजूला थुंकल्या आणि तोंडात पाणी घेऊन दोनदा गुळण्या केल्या. मग ढिगातला दुसरा दुधी विळ्यानं चिरून चाखला. त्याचंही तेच.

त्यांच्याकडे त्या दिवशी दोन ढीग होते. एक नेहमीचा, सरळसोट दुध्यांचा. दुसरा बुडाला जाड आणि मानेला वाकड्या दुध्यांचा. हा दुसरा त्यांच्या दारच्या उकिरड्यावर आपोआप उगवलेल्या वेलाचा होता. बी कुठून आलं, देवाला ठाऊक. दिसायला देखणा म्हणून तोडून आणला होता. "एक कडू निघाला म्हंजे त्या वेलाचं सगळंच गेलं," तानाबाई म्हणाल्या आणि अख्खा ढीग पोत्यात भरून तोंड बांधलं. सरळ दुधीही त्यांनी चाखला, तो गोड होता.

मग त्या म्हणाल्या, "सकाळधरनं ह्यातलं फकस्त दोघांनी न्हेलं. तुमी आनि आनकी एक पावणं. तोंड ध्यानात न्हाय."

इमामभाईंनी फोन काढला. सकाळचा पहिला फोटो मोठा करून बघितला. ढिगाच्या कडेला एक हात आला होता, भगव्या कापडी पिशवीत दुधी सारणारा. पिशवीतून दोन वाकड्या माना वर आल्या होत्या. म्हणजे त्याच ढिगातले. चेहरा फोटोबाहेर होता. मनगटावर मात्र जुनं चावीचं घड्याळ होतं, पुरुषाचं, आणि त्याला बायकांचा बारीक पट्टा. हा पट्टा इमामभाईंनी स्वतः बसवला होता. त्या मनगटाला पुरुषाचा पट्टा शेवटच्या भोकातही सैल व्हायचा. मनगट जोतीराम सुतारचं होतं. लक्ष्मीपुरीत त्याचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं.

जोतीराम दुकानात होता. भगवी पिशवी खिळ्याला अडकवली होती. इमामभाईंनी त्यात बघितलं. दोन्ही दुधी तसेच होते. तो म्हणाला, उद्या सकाळी रस काढणार, उपाशीपोटी, गेले तीन महिने घेतोय, साखर उतरली. इमामभाईंनी सांगितलं की हे कडू आहेत. जोतीरामला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"कडू म्हंजे गुणाचं, भाई. औषध कधी गोड असतंय व्हय?"

इमामभाईंनी रक्ताच्या उलट्यांचं सांगितलं, तर जोतीराम म्हणाला, ते ज्याचा कोठा नाजूक त्याला. मग त्यांनी त्याच्या टेबलावरचा चाकू घेतला, एक फोड कापली आणि जिभेला नुसती लावून थुंकायला सांगितलं. जोतीरामनं लावली. त्याचा चेहरा हळूहळू बदलला, पण मत बदलायला आणखी थोडा वेळ लागला.

"रोजचा असा नसतोय," तो शेवटी म्हणाला.

"रोजचा असा असता तर आज तू दुकानात नसतास. हितनं पुढं रस काढायच्या आधी चाखायचा. कडू लागला की फेकायचा. गुण बघत बसायचं न्हाय."

जोतीरामनं खिळ्यावरची पिशवी काढून दिली. पाणी मागवून बराच वेळ चुळा भरल्या. मग पिशवी परत कधी देता, असं विचारलं.

अकरा वाजून गेले होते. इमामभाई मंडईत परतले. या वेळी फोन करायला कुणी नव्हतं; हाफिजाबी आत गेलेल्या होत्या. तानाबाईंनी तोंडल्यांची पाटी पुढे सरकवली आणि स्वतः वेचून द्यायला लागल्या. इमामभाईंनी त्यांना थांबवलं. ते उकिडवे बसले आणि दीड किलो तोंडली एकेक करून उचलली. टणक, बारीक, देठाशी हिरवी. जी बोटाखाली किंचित दबली, ती बाजूला. घड्याळाचे स्क्रू वेगळे करावेत तसं. त्यांना पंचवीस मिनिटं लागली. मागं दोन गिऱ्हाईकं ताटकळली, त्यांना तानाबाईंनी थांबायला सांगितलं.

घरी आले तेव्हा रिक्षा दारात होती. हाफिजाबी फरहीनच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पाऊल टाकत होत्या. पाय पांढरा पडला होता आणि बारीक दिसत होता. त्यांनी डबे कुठे आहेत ते विचारलं. इमामभाईंनी तोंडली दाखवली. हाफिजाबी खुर्चीत बसल्या, एक तोंडलं मधोमध कापलं, आतून बघितलं. दुसरं कापलं. तिसरं. मग विळी पुढे ओढून म्हणाल्या, "फरहीन, कढई ठेव."

दीड किलोत एकच तोंडलं लाल निघालं. ते हाफिजाबींनी बाजूला ठेवलं.

डबे निघायला पावणेदोन झाले. अकरा दारांत उशीर का झाला ते इमामभाईंना अकरा वेळा सांगावं लागलं. पहिल्या दारात सविस्तर, मग थोडक्यात, नवव्या दारात नुसतं "दुधी कडू निघाला" एवढंच. शेवटी बयाबाई. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून तिथं पुन्हा सगळं मोठ्यानं सांगावं लागलं. वेल, ढीग, फोटो, जोतीरामचं मनगट. गल्लीतल्या दोन घरांनी दारं उघडून ऐकलं. बयाबाईंनी तोवर डबा उघडला होता. एक तोंडलं हिरड्यांनी सावकाश चावून बघितलं.

"कवळी हायती," त्या म्हणाल्या. "उद्याला पडवळ करा."