मिशी नको

बाबांचा एकही फोटो नव्हता, म्हणून आईच्या वाढदिवसाला मी कॉम्प्युटरवरच्या एआयकडून त्यांचं सायकलवरचं चित्र काढून घेतलं. वर्णनात लिहिलं, ‘मिशी नको.’ भरघोस मिशी आली. याला मराठी कळत नसेल म्हणून तेच इंग्रजीत लिहिलं. सायकल सुबक झाली, पण मिशीला पीळ चढला. शेवटी तेच फ्रेम करून दिलं.

महिन्याने ऑफिसातल्या डिझायनरला हे सांगितलं, तशी ती हसली. "अहो, नको म्हणून नाव घेतलंत की ते नेमकं तेच काढतं. जे दिसायला हवं ते लिहा."

मराठीतच लिहिलं, ‘तुळतुळीत गाल, नाकाखाली नुसती गुळगुळीत कातडी.’ थेट बाबांसारखा चेहरा आला.

धावत आईकडे गेलो. ती दोन्ही चित्रं बघत राहिली.

"यातले तुझे बाबा कोणते रे? महिनाभर या मिशीवाल्याशीच बोलतेय. आता मला नीट आठवेना."