चार गोंदपट्ट्या आणि एक तळ

बावीस वर्षं मी खोक्यांचे आराखडे काढते. छपाईच्या आधी खोकं कागदावर सपाट उलगडून काढायचं: कापायच्या रेघा लाल, घडीच्या हिरव्या. त्यावरून लाकडी फळीत पात्या बसवून डाय बनतो, म्हणून इथे अर्धा मिलिमीटर चुकला तरी हजारो खोकी वाकडी निघतात. माणसांचंही असंच आखून घ्यावं असं मला पुष्कळदा वाटतं, पण कोणी ऐकत नाही.

त्या दिवशी मिठाईवाल्यांची तीन भावंडं माझ्या टेबलाशी आली. वडील जाऊन वर्ष झालं होतं आणि दुकानाचं खोकं नवं करायचं होतं. थोरला गल्ल्यावर बसतो, मधला गल्ल्यावर कोण बसतो यावर लक्ष ठेवतो, आणि धाकटी मिठाई करते. पूर्वीच्या खोक्यावर वडिलांचा फोटो होता. आता तिघांचेही हवेत, अगदी समान, असं थोरल्याने बजावलं.

मी एक किलोच्या खोक्याचा आराखडा पसरला. मधोमध तळ, त्याच्या चारी बाजूंना चार भिंती, मागच्या भिंतीला जोडलेलं झाकण आणि झाकणाला आत खोचायची जीभ. पुढच्या आणि मागच्या भिंतींच्या टोकांना दोन-दोन अशा चार गोंदपट्ट्या. त्या आत दुमडून बाजूच्या भिंतींना आतून चिकटवल्या, की खोकं उभं राहतं.

थोरल्याने झाकण घेतलं. विचारलंही नाही, हात ठेवला आणि घेतलं. पुढच्या भिंतीवर दुकानाचं नाव होतं, म्हणून मधल्याने मागची भिंत घेतली. मी दोघांचे फोटो आपापल्या जागी बसवले. मग मधल्याने कागदाकडे नीट पाहिलं आणि त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"मला उलटं टांगलंय! डोकं खाली!"

"कागदावर तसंच दिसणार," मी म्हटलं. "झाकणावरचं आणि मागच्या भिंतीवरचं डोकं घडीवर एकमेकांना टेकतं. दुमडलं की तुम्ही सरळ व्हाल."

"आणि दुमडेपर्यंत?"

"दुमडेपर्यंत तुम्हाला कोण बघतंय?"

त्याने कागद फिरवला. आता तो सरळ आणि थोरला उलटा. थोरल्याने परत फिरवला. दोघं मोठी माणसं, चष्मेवाली, माझा कागद जात्यासारखा गरगर फिरवत होती आणि मी कोपरा फाटू नये म्हणून त्याच्याबरोबर टेबलाभोवती फिरत होते. शेवटी मी कात्री घेतली, एक प्रत कापली, दुमडली आणि दोघांच्या पुढे आपटली. दोघं सरळ होते. मधला म्हणाला, बरं, पण मंजुरीची सही मी माझ्या बाजूने करणार. केली, उलटी.

"आणि धाकट्या ताई?" मी विचारलं.

भावांनी कागदावर नजर फिरवली. बाजूच्या भिंतींवर वेलबुट्टी होती, ती आईने वडिलांसाठी निवडलेली, तिला हात लावायचा नव्हता. मग थोरल्याचा चेहरा उजळला. त्याने गोंदपट्ट्या दाखवल्या. "या चार मोकळ्या आहेत की! आमच्या एकेक जागा, हिच्या चार!"

"दादा, त्या आत चिकटतात," धाकटी म्हणाली. "दिसणार नाहीत."

"लोकांना नाही दिसल्या तरी आपल्याला माहीत असेल ना!"

मधल्याने चार म्हणजे जास्त होतात अशी तक्रारही नोंदवली.

मी समजावलं. गोंदपट्टी कोरी सोडावी लागते. तिथे शाई नाही, वॉर्निशही नाही, कारण गुळगुळीत थरावर गोंद धरत नाही. शिवाय तिच्या कडा तिरक्या छाटाव्या लागतात, नाहीतर घडीला अडतात. म्हणजे धाकट्या ताईंचा एक कान जाणार. थोरला म्हणाला, कान गेला तर चालेल. नमुना तसाच काढा.

धाकटी त्या पट्ट्यांवरून बोट फिरवत राहिली. तिच्या बोटांवर साखरेच्या पाकाचे जुने चटके होते. या घरात तिच्या तोंडाला पानं पुसायचं काम किती सराईतपणे चाललंय हे बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ग्राहकाने सांगितलं की नमुना काढायचा, हा आमच्या छापखान्याचा नियम. मी काढला. चारही पट्ट्यांवर तिचा चेहरा, एका कानाचा, वर चकचकीत वॉर्निश. गोंद लावला आणि चिमटे लावून सुकवला.

तीन दिवसांनी मी नमुना घेऊन गेले आणि दुकानात बैठक भरली. नमुन्यात एक किलो मिठाई भरून थोरल्याने तो काउंटरवर ठेवला, मागे सरकला आणि कौतुकाने पाहू लागला. झाकणावरून तो स्वतःकडे हसत होता.

आधी उजव्या बाजूला टक असा आवाज झाला. मग डावीकडे. बाजूच्या दोन्ही भिंती हळूच बाहेर आडव्या झाल्या. झाकण जिभेने अडकून राहिल्यामुळे पुढची आणि मागची भिंत उभी राहिली, आणि दोन्ही बाजूंनी धाकटीचे दोन-दोन चेहरे बाहेर आले. त्यांच्या मधून लाडू घरंगळत निघाले. एक गल्ल्याखाली गेला, एक मधल्याच्या चपलेत.

"बघा," थोरला म्हणाला. "हिला घेतलं की खोकं मोडतं."

मला हसू आवरेना, आणि त्याच वेळी त्याच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली. धाकटी मात्र खाली वाकून लाडू गोळा करत होती. उठली आणि तिने ते काउंटरवर ठेवले.

"माझा फोटो नको. पट्ट्या कोऱ्या सोडा. पण माझं नाव खोक्यावर येत नाही तोवर माझी सही नाही. आणि सही नाही तर उद्यापासून मी भट्टीजवळ जाणार नाही."

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. भट्टी दोघांनाही पेटवता येत नव्हती.

"जागाच कुठे आहे?" मधला म्हणाला.

"तळ."

दोघांना एकदम हायसं वाटलं. तळ! सगळ्या मिठाईच्या ओझ्याखाली, टेबलाला टेकलेला! थोरल्याने उदारपणे हात पसरला. "घे, सगळा घे." झाकणाएवढाच तो, हे त्याने मोजलंच नाही.

धाकटीने नाव एका चिठ्ठीवर लिहून दिलं, नावाआधी एकच शब्द: "बनवणारी". मी ते तळावर बसवलं. तळाला नियमाने यायचं ते सगळं होतंच: वजन, घटक, कधी बनवली, किती दिवसांत संपवायची. तिने सही केली आणि आराखडा डाय बनवायला गेला.

खोकी आली त्या दिवशी मी मुद्दाम दुकानात गेले. पहिल्या गिऱ्हाईक बाई आल्या. थोरल्याने भरलेलं खोकं दोन्ही हातांनी, झाकण वर करून, त्यांच्यापुढे धरलं. बाईंनी फोटोकडे पाहिलंही नाही. खोकं डोक्याइतकं उंच केलं आणि खालून वाचू लागल्या.

"अहो, सरळ धरा," थोरला म्हणाला आणि खोकं खाली घेतलं.

"ताजी आहे का बघायला नको?" बाईंनी पुन्हा वर नेलं. तळ वाचत त्या थांबल्या. "ही कोण? बनवणारी? मला हिलाच भेटायचंय. गेल्या खेपेची मिठाई संपवून आमच्या सासूबाई दोन दिवस गप्प होत्या."

थोरल्याने पुन्हा झाकण दाखवायचा प्रयत्न केला. मागून दुसरे गिऱ्हाईक आले, त्यांनीही मान वाकडी करून खालूनच वाचायला सुरुवात केली. थोरला आणि मधला दोन खोकी सरळ करत होते आणि लोक ती वर उचलत होते.

"छोटी!" शेवटी थोरला ओरडला. "बाहेर ये, तुला बोलावतायत."

धाकटी पदराला हात पुसत आतून आली. बाईंनी तिला खोक्याचा तळ दाखवून विचारलं, "या तुम्हीच का?"

ती हो म्हणाली. मला रडू फुटलं, तिथेच, सगळ्यांसमोर.