शहाण्या झालेल्या सेलची हकीकत

"सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही," असं मामांनी जाहीर केलं, आणि टेबलाभोवती बसलेल्या दोघींपैकी एकीने गोष्ट सुरू व्हायच्या आधीच विश्वास न ठेवायची तयारी करून टाकली. ती त्यांची सख्खी भाची होती. या बॅटरीच्या प्रयोगशाळेत सगळेच त्यांना मामा म्हणत, पण हक्काने म्हणणारी ती एकटीच.

मामा बटणाएवढे सेल हाताने बनवायचे आणि भाची ते चाचणी-यंत्रावर चढवायची. काचेच्या बंद पेटीत, कोरड्या वायूत, भल्यामोठ्या रबरी हातमोज्यांतून मामा लिथियमची चकती अशी बसवायचे की तिला ओरखडाही पडत नसे. पेटीबाहेर मात्र त्यांचा हात नव्हे, जीभ चाले. वजन सांगताना ते मिलिग्रॅमचीही लबाडी करत नसत. बाकी जगातले सगळे आकडे ते सढळ हाताने वाढवत.

दुसऱ्या होत्या कारखान्याच्या इंजिनिअरबाई. सेलमध्ये भरायचं मामांचं नवं द्रावण वापरून तळहाताएवढे वीस सेल बनवायचे की नाही, हे त्या आज ठरवणार होत्या. बनवायचे ठरले तर मामांची महिनाअखेरची निवृत्ती वर्षभर पुढे ढकलू, असं प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी कबूल केलं होतं. नाही ठरले तर मामा घरी. घरी मामी होत्या, आणि मामींनी त्यांच्या सगळ्या गोष्टी ऐकून संपवल्या होत्या.

"आधी मूळ भानगड ऐका," मामा म्हणाले. "नेहमीच्या बॅटरीत लिथियम राहतं ग्रॅफाइटच्या घरात. भाडेकरू एक, आणि त्याला सांभाळायला कार्बनचे सहा जण! वजन सगळं घराचंच. मी म्हटलं, घरच पाडून टाका. नुसतं लिथियम ठेवा. झालं, ताकद दहापट!"

"ऋण बाजूपुरती," इंजिनिअरबाई कागदावरून नजर न काढता म्हणाल्या. "समोरची बाजू, दोन्हींमधला पडदा, डबा, सगळं तेवढंच राहतं. अख्ख्या सेलला दीडपट मिळाली तरी मी पेढे वाटीन."

"तेच म्हणतोय मी. दहापट, म्हणजे दीडपट." मामा जराही ओशाळले नाहीत. "घर पाडलं तरी एक खोड राहते. चार्ज करताना लिथियम परत येऊन बसतं ते मुंग्यांसारखं रांगेत बसत नाही. जिथे जरा उंचवटा, तिथेच सगळी गर्दी. मग त्याच्या सुया होतात, शेवाळ होतं. लिथियमवर द्रावणाची साय धरलेली असते, ती सारखी फाटते, नवी धरते, आणि प्रत्येक वेळी द्रावण खाते. वीज उलट फिरवली की शेवाळ बुडाकडून विरघळतं, वरचा शेंडा तुटून तरंगत राहतो. आहे लिथियमच, पण वीज पोचवणारा धागा उरला नाही. मेलेलं लिथियम म्हणतो आम्ही त्याला. असा कचरा साचत जातो आणि बाकीच्या लिथियमची वाट बिकट होते."

भाचीने मान हलवली. इथवर मामा अगदी बरोबर होते, आणि त्यामुळेच तिला भीती वाटत होती. मामा खरं बोलत असले की पुढे मोठी थाप येते, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

"तर आमचा हा सेल," मामांनी छातीवर हात ठेवला, "दोन्ही बाजूंना लिथियमच. एक तास इकडून तिकडे, एक तास तिकडून इकडे. पहिले तीनशे तास कुरकुर चालली. दर फेरीला जास्त व्होल्टेज मागायचा. मी म्हटलं, चालायचंच, पोरगा लाडात वाढलाय. आणि तीनशे दहाव्या तासाला, बाई, काय सांगू! एकदम शांत झाला. व्होल्टेज धपकन खाली आलं, आणि नंतरचे नऊशे तास हलायचं नाव नाही. माझ्या द्रावणाने शेवाळ गुळगुळीत करून टाकलं. सेल शहाणा झाला!"

त्यांनी छापील आलेख पुढे सरकवला. बाराशे तास इतके दाटीने बसवलेले की प्रत्येक तासाची रेघ दिसतच नव्हती, फक्त एक निळा पट्टा. सुरुवातीला रुंद होत गेलेला, मग एकदम अरुंद आणि अगदी सरळ.

इंजिनिअरबाईंनी पट्ट्यावर बोट फिरवलं. त्यांना तो आवडला, हे भाचीला दिसलं. मामांनाही दिसलं, आणि त्यांनी चहाच्या कपावरून भाचीकडे असं पाहिलं, जणू मुलीचं स्थळ पक्कं झालं.

"म्हणजे सुरुवातीचा जुळवून घेण्याचा काळ," बाई विचार करत म्हणाल्या, "आणि मग स्थिर. हे द्रावण मोठ्या सेलमध्ये आठवडाभरात वापरून बघता येईल. मामा, तुम्ही स्वतः बनवणार ना?"

"दुसरं कोण? यांच्या हाताला कंप आहे," मामा म्हणाले, आणि 'यां'मध्ये त्यांनी साऱ्या तरुण पिढीला गोळा केलं.

मामा राहावेत, हे भाचीइतकं कुणालाच वाटत नव्हतं. ते गेले तर पेटीपाशी उभं राहून तिच्या स्वयंपाकाला नावं कोण ठेवणार? मंगळवारी यंत्रापाशी तिने तो पट्टा ताणून एकच तास उघडला होता, तेव्हा मामा तिच्या खांद्यावरून पाहत होते. पाहिलं, खोकले, आणि चहा टाकायला गेले. नंतर दोघांनीही तो विषय काढला नाही. ती वाट पाहत होती, मामा स्वतःच सांगतील म्हणून.

मामा सांगत होते, पण ते नाही. आता ते तळहाताएवढ्या सेलवर आले होते आणि तो दोन हजार फेऱ्या कशा हसत-खेळत काढील याचं वर्णन चालू होतं. भाचीच्या डोळ्यांसमोर मात्र त्या सेलमध्ये गच्च भरलेली ऊर्जा आली. बटणाएवढ्या सेलमध्ये जे घडलं ते नुसतं आलेखात दिसलं होतं. तेवढ्याच गोष्टीने मोठा सेल क्षणात तापतो, आणि मग पेटतो. आणि त्याच्या शेजारी उभे असतील मामा, हातमोजे घालून, कुणाला तरी गोष्ट सांगत.

"पुरे," ती म्हणाली.

"अगं, अजून खरी मजा तर..."

"मजा मी दाखवते." तिने संगणकाच्या पडद्यावर दोन तास शेजारीशेजारी उघडले. "बाई, हा दोनशेवा तास. सुरुवातीला उंचवटा, मध्ये खोलगट, शेवटी पुन्हा चढ. लिथियम खरंच बसतंय आणि सुटतंय, म्हणून रेघ अशी उंटाच्या पाठीसारखी आहे. आणि हा पाचशेवा. पाटासारखी सपाट. ना चढ, ना उतार."

इंजिनिअरबाई पुढे झुकल्या. मग त्यांनी निळ्या पट्ट्याचा कागद हलकेच उलटा करून ठेवला.

"सेलचा अवरोध मोजलात?" त्यांनी विचारलं.

"आज सकाळी. साध्या तारेइतकाच, जवळजवळ शून्य."

मामांनी कप खाली ठेवला, आणि भाचीला पहिल्यांदाच ते थोडे थकलेले दिसले. पण तेवढ्यातच त्यांच्या भुवया पुन्हा चढल्या. हार मानणं त्यांच्या पत्रिकेतच नव्हतं.

"असंही असू शकतं," ते म्हणाले, "की द्रावण इतकं उत्तम आहे की लिथियमला जायला कष्टच पडत नाहीत..."

"मामा!" भाची ओरडली, आणि शेजारच्या खोलीतल्या दोघांनी दारातून डोकी काढली. "लिथियम कुठे जातच नाहीये! सुई पडद्याच्या पार गेली, सेल आतल्या आत शॉर्ट झाला, आणि नऊशे तास तुम्ही एका तारेतून वीज फिरवताय! आणि तुम्हाला हे मंगळवारपासून माहीत आहे!"